गेमिंग पीसीची शनिवार-रविवार सर्व्हिसिंग: आधी मॉनिटरची सेटिंग, सगळ्यात शेवटी बायोस

भाच्याचा फोन आला तो थेट शेवटच्या पायरीवरून. "मामा, गेम अडखळतोय. मी बायोस अपडेट करू का?" मी म्हटलं, कशाला हात लावू नकोस, शुक्रवारी रात्री येतो.

त्याचा पीसी 2022 मध्ये जोडलेला. रायझन 5 5600, बी550 चिपसेटचा मदरबोर्ड, 8 जीबीच्या दोन डीडीआर4 रॅम, आरटीएक्स 3060, विंडोजसाठी 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि गेमसाठी 1 टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. मॉनिटर 144 हर्ट्झचा. प्रोसेसरवर त्याच्या खोक्यातूनच आलेला छोटा कूलर. आपल्याकडे हजारो घरांत असतो तसाच हा पीसी, म्हणून त्याच्यावर जे केलं ते क्रमाने सांगतो.

क्रम लावताना मी एकच प्रश्न विचारतो: हे बिघडलं तर परत फिरायला किती वेळ लागेल? सेटिंग बदलली तर दोन क्लिक. रॅमचा वेग वाढवून पीसी सुरूच झाला नाही, तर दहा मिनिटं. प्रोसेसरची पिन वाकली, तर दुकान. बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट होताना अर्ध्यात तुटला, तर कदाचित नवा मदरबोर्ड. एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच मोजायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी रुसला, तर कुणामुळे रुसला ते कधीच कळत नाही.

शुक्रवार रात्र: फक्त मोजायचं

दोन गोष्टी उतरवून घ्या: HWiNFO64 आणि CapFrameX. पहिलं तापमान, वेग आणि वीज दाखवतं, दुसरं गेमचे एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम येतात ते, नोंदवतं. सरासरी एफपीएसवर विसंबू नका. गेम अडखळतो तेव्हा सरासरी छानच असते. खरं दुखणं 1% लो या आकड्यात दिसतं. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम काय वेगाने आल्या, ते तो सांगतो.

मोजायला रोज तोच प्रसंग हवा. आम्ही सायबरपंक 2077 मधली अंगभूत बेंचमार्क चाचणी घेतली, तीन वेळा चालवली आणि पहिली सोडून दिली, कारण पहिल्या वेळी गेम अजून फाइली गोळा करत असतो. सरासरी 66, 1% लो 41. ग्राफिक्स कार्ड 82 अंशांवर. मग Cinebench R23 दहा मिनिटं चालवलं, तर प्रोसेसर थेट 90 अंशांना जाऊन टेकला. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच 90 आहे, म्हणजे तो स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता. HWiNFO64 मध्ये ही ओळ CPU (Tctl/Tdie) या नावाने दिसते.

शेजारी खोलीचं तापमानही लिहा. आमच्याकडे 31 होतं. रात्री पंख्याखाली 26 असताना मोजलं आणि दुपारी 33 असताना पुन्हा मोजलं, तर त्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे.

भाच्याने आणखी एक तक्रार सांगितली, ती मी वहीत वेगळी लिहून ठेवली: "दिवसातून एखाद वेळा एक-दोन सेकंद सगळंच थिजतं. आवाजसुद्धा फाटतो. गेममध्ये नसलो तरी." ही नोंद रविवारी कामाला आली.

झोपण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली आणि गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि एक रिस्टोअर पॉइंट बनवा.

शनिवार सकाळ: जिथे काहीच बिघडू शकत नाही

सर्वात आधी Settings, मग System, Display आणि Advanced display. तिथे मॉनिटर किती हर्ट्झवर चालतोय ते बघा. भाच्याचा 60 वर होता. चार वर्षं 144 हर्ट्झच्या मॉनिटरचे पैसे देऊन 60 बघत बसला होता, आणि मला बायोसबद्दल विचारत होता! त्या यादीत 144 दिसतच नसेल, तर बहुतेक केबलचा दोष असतो. जुनी एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्ट लावा.

दुसरी गोष्ट फिरती हार्ड डिस्क. आजचे मोठे गेम खेळता खेळता डिस्कवरून सतत पोत आणि नकाशे ओढत असतात. फिरती डिस्क मागे पडली की गाडी चालवताना, वळण घेताना झटका बसतो. स्टीममध्ये गेमवर उजवी क्लिक करून Properties, मग Installed Files, तिथे Move install folder. गेम पुन्हा उतरवावा लागत नाही. एसएसडीवर जागा नव्हती म्हणून वर्षभर न उघडलेले दोन गेम काढले. एसएसडी काठोकाठ भरू देऊ नका, निदान दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवा. या एका बदलाने 1% लो 41 वरून 49 झाला. सरासरी तिथेच, 66.

टास्क मॅनेजरच्या Startup apps मधून नको ते बंद केलं: तीन गेम लाँचर, दोन आरजीबी दिव्यांची सॉफ्टवेअरं, एक प्रिंटरचं, जो प्रिंटर आता घरात नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन नव्याने बसवला. 'पीसी बूस्टर' म्हणून मिळणारी सॉफ्टवेअरं आणि रजिस्ट्रीत दहा ओळी चिकटवायला सांगणारे व्हिडिओ या यादीत कुठेच नाहीत. त्यांचा फायदा मोजता येत नाही आणि त्यांनी नेमकं काय बदललं तेही नंतर सापडत नाही.

शनिवार दुपार: धूळ

भाच्याच्या बिल्डिंगसमोर दोन वर्षं बांधकाम चालू आहे. कॅबिनेटची पुढची जाळी काढली तर गोधडीसारखा थर हातात आला.

पीसी बंद करा, मागची केबल काढा, मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज उतरते. कॅबिनेट गॅलरीत न्या. आतल्या भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, आणि नंतरही अधूनमधून लावत राहा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. एसी साफ करायला वापरतात तो ब्लोअर चालतो, पण एक-दीड फुटावरून आणि थोडा थोडा. पंख्याची पाती बोटाने अडवून धरा. हवेने भन्नाट फिरलेला पंखा बेअरिंगमधून जातो. एसएमपीएस बाहेरूनच फुंकायचा, त्याचा डबा उघडायचा नाही. केबल काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो.

जाता जाता एक विचारतो. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? येत असतील, तर त्या प्लगला अर्थिंग बहुधा नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि पुढचं सगळं नंतर करा.

झाकण उघडंच आहे, तर रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना तेही बघा. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर जोडीची जागा तीच. शेजारी शेजारी बसवल्या असतील, तर दोघी एकाच मार्गावर रांग लावतात.

धूळ गेल्यावर कार्ड 82 वरून 73 वर आलं आणि प्रोसेसर 90 वरून 86. सरासरी 66 ची 67 झाली. पण कॅबिनेटची घरघर निम्मी झाली, हे ताईच्या लक्षात आधी आलं.

शनिवार संध्याकाळ: ग्राफिक्स कार्डला कमी व्होल्टेज

खरं तर हा बदल धूळ काढण्यापेक्षाही सहज परतवता येतो. पण धुळीने गुदमरलेल्या कार्डावर मोजलेले आकडे खोटे निघतात, म्हणून तो नंतर.

कारखान्यातून निघताना सगळ्याच चिपना थोडं जास्त व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं, म्हणजे कमकुवत चिपसुद्धा चालावी. आपली चिप बहुधा त्याहून कमीत चालते. MSI Afterburner कुठल्याही कंपनीच्या कार्डाला चालतं. ते उघडून Ctrl+F दाबलं की व्होल्टेज आणि वेगाची वक्ररेषा दिसते. आधी मुख्य खिडकीत Core Clock -300 करून पूर्ण रेषा खाली आणा. मग वक्ररेषेवर 850 मिलिव्होल्टचा ठिपका पकडून 1800 मेगाहर्ट्झपर्यंत वर ओढा आणि Apply दाबा. त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेषा सपाट होते, म्हणजे कार्ड 850 च्या वर व्होल्टेज मागतच नाही.

3060 साठी 850 आणि 1800 ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण प्रत्येक चिप वेगळी. अर्धा-पाऊण तास जड गेम खेळा. गेम अचानक बंद झाला, पडदा क्षणभर काळा झाला किंवा रंगीत ठिपके उडाले, तर वेग 30 ने कमी करा किंवा व्होल्टेज 875 घ्या. पीसी पूर्ण अडकला तरी रीस्टार्ट केल्यावर कार्ड मूळ सेटिंगवर येतं. अर्थात एका अटीवर: विंडोज सुरू होताना सेटिंग लागू करण्याचं बटण अजून दाबलेलं नसावं. ते आठवडाभर निर्धास्त खेळून झाल्यावरच दाबा.

आमचं कार्ड 168 वॅट ओढत होतं ते 132 वर आलं. तापमान 66. एफपीएस जिथल्या तिथे, 67. कमी व्होल्टेजने गेम पळत नाही. खोली कमी तापते आणि पंखे गप्प बसतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये तेही थोडं नाही.

रविवार सकाळ: रॅमचा खरा वेग

टास्क मॅनेजरमध्ये Performance, मग Memory. भाच्याच्या रॅमच्या खोक्यावर 3200 लिहिलेलं आणि इथे 2666. ही दुकानदाराची लबाडी नव्हे. रॅम सुरुवातीला सावध वेगाने चालते, छापलेल्या वेगासाठी बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावं लागतं. पीसी सुरू होताना Delete दाबा. बोर्डाप्रमाणे तिथे XMP, A-XMP किंवा DOCP असं नाव दिसेल. ते चालू करायचं आणि F10 ने जतन करायचं.

यानंतर पडदा काळा राहतो, पीसी एक-दोनदा आपोआप बंद-चालू होतो. घाबरून बटण दाबू नका. बोर्ड रॅमशी जमवून घेत असतो, दोन-तीन मिनिटं द्या. तरीही काही आलं नाही, तर केबल काढून बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. सेटिंग मूळ पदावर येतात.

सुरू झाला म्हणजे जमलं, असं मात्र नाही. रॅम किंचित चुकत असेल, तर आठवड्यांनी एखादी फाइल खराब होते आणि आपण गेमला शिव्या घालतो. पेनड्राइव्हवरून MemTest86 चा निदान एक पूर्ण फेरा करा. 16 जीबीला तास-दोन तास लागू शकतात, तेवढ्यात पोहे होतात. एकही चूक दिसली तर 3000 वर चालवा. एक-दोन चुकांना माफी नाही.

आमचा फेरा निर्दोष गेला. 1% लो 49 वरून 55.

रविवार दुपार: थर्मल पेस्ट

इथून पुढे चूक महाग पडते, म्हणून कारण असेल तरच पुढे जा. स्वच्छ केल्यावरही प्रोसेसर 86 वर होता आणि पेस्ट चार वर्षांची होती. तापमान 75 असतं, तर मी झाकण लावून चहा प्यायलो असतो.

या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि सॉकेटची पकड तशी सैल. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते. कूलर सरळ वर ओढला, तर लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं Cinebench चालवून पेस्ट गरम आणि मऊ करा. लगेच पीसी बंद करा, केबल काढा, कॅबिनेट आडवं करा. पंख्याची वायर सोडवा. चारही स्क्रू एकदम न काढता कोपऱ्यातून कोपऱ्यात थोडे थोडे सैल करा. मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत राहा. तो तेलावर सरकल्यासारखा मोकळा फिरू लागला की उचला. हट्ट करत असेल, तर हेअर ड्रायरने धातूला दोन मिनिटं ऊब द्या, पण स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका.

स्क्रू निघाल्यावर बोर्डामागची धातूची पट्टी मोकळी होते. कॅबिनेट उभं असेल, तर ती मागे पडते आणि मग बोर्ड उतरवायची वेळ येते. आडव्या कॅबिनेटमध्येही मागच्या झाकणाकडून ती हाताने धरून ठेवायला कुणाला तरी बसवा. भाचा बसला.

जुनी पेस्ट 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी फिल्टरने किंवा धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. मध्यभागी मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. बोटाने पसरवायची गरज नाही, कूलरच्या दाबाने ती पसरते. स्क्रू पुन्हा तिरप्या जोड्यांनी आळीपाळीने आवळा. पंख्याची वायर जोडायला विसरू नका, सगळेच एकदा तरी विसरतात.

86 चे 78 झाले. ग्राफिक्स कार्डचा कूलर मात्र उघडला नाही. त्याच्या आत मेमरीवर ठरावीक जाडीचे थर्मल पॅड असतात. ते फाटले आणि चुकीच्या जाडीचे लागले, तर पूर्वीपेक्षा जास्त तापतं. 66 अंशांवर असलेलं कार्ड उघडायला काही कारणही नव्हतं.

प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारं Curve Optimizer हीसुद्धा मोहाची जागा, पण ती मी या योजनेतून मुद्दाम वगळतो. त्यातली चूक जड गेममध्ये सापडतेच असं नाही. पीसी निवांत असताना, ब्राउझर उघडताना तो अचानक रीस्टार्ट होतो, आणि Event Viewer मध्ये WHEA-Logger ची नोंद दिसते. ते तपासायला दोन दिवस पुरत नाहीत.

रविवार संध्याकाळ: बायोस, आणि तोही कारण होतं म्हणून

वहीतली ती वेगळी नोंद अजून शिल्लक होती. रविवारी दुपारी माझ्यासमोरच पीसी दीड सेकंद थिजला, गाण्याचा आवाज घोगरा झाला आणि सगळं पुन्हा सुरळीत. तापमान 50 सुद्धा नव्हतं. हे दुखणं ओळखीचं आहे. एएमडीने मार्च 2022 मध्ये मान्य केलं होतं, की काही रायझन पीसींमध्ये प्रोसेसरमधला सुरक्षा विभाग, म्हणजे एफटीपीएम, बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीशी बोलताना पीसी थोडा वेळ थिजतो. दुरुस्ती AGESA, म्हणजे बायोसमधला एएमडीचा मूळ कोड, त्याच्या 1.2.0.7 आवृत्तीपासूनच्या बायोसमध्ये आली. `msinfo32` मध्ये BIOS Version/Date बघितली, तर भाच्याचा बायोस त्याआधीचा. आता बायोस अपडेट करायला कारण मिळालं.

बोर्डाचं पूर्ण नाव आणि त्यावर छापलेली रिव्हिजन, दोन्ही जुळवून फाइल घ्या. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळे बायोस असू शकतात. फाइल FAT32 केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोजमधलं अपडेट सॉफ्टवेअर वापरू नका, बायोसच्या आतलंच वापरा.

मग डिस्कवरच्या कुलपाचं, म्हणजे बिटलॉकरचं बघा. बायोस बदलला की ते रिकव्हरी की मागू शकतं. अनेक पीसींमध्ये डिस्क कूटबद्ध असते आणि मालकाला पत्ताही नसतो. Terminal अ‍ॅडमिन म्हणून उघडा:

```
manage-bde -status C:
```

Protection On दिसलं, तर आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मग तात्पुरतं थांबवा:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

आता वीज. अपडेटच्या मधेच लाइट गेली, तर बोर्ड मेला समजा. मागे फ्लॅशबॅकचं, म्हणजे बंद पडलेल्या बोर्डावरही पेनड्राइव्हवरून बायोस भरणारं बटण असेल तरच आशा. घरी इन्व्हर्टर असला तरी त्यावर विसंबण्याआधी परीक्षा घ्या. त्याचं बटण यूपीएस मोडवर करा, पीसी बायोसच्या पडद्यावर आणा आणि मेन स्विच बंद करा. त्या पडद्यावर काही लिहिलं जात नसतं, त्यामुळे बंद पडला तरी नुकसान नाही. ताईकडचा इन्व्हर्टर आधी साध्या मोडवर होता आणि पीसी लगेच रीस्टार्ट झाला. यूपीएस मोडवर पापणीही हलली नाही. बाहेर वळवाचे ढग गडगडत असतील, तर हे काम पुढच्या रविवारी.

बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, कारण अपडेटनंतर एक्सएमपीसकट सारं पुसलं जातं. आधी Load Defaults करून मगच अपडेट सुरू करा. चार-पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ भाच्याचे दोन्ही हात मी मांडीवर ठेवायला लावले होते.

सुरू होताना एफटीपीएम रीसेट करायचं का, असं विचारणारा पडदा आला: Y म्हणजे पुसा, N म्हणजे जुनं ठेवा. रिकव्हरी की हातात असेल तरच Y. आम्ही Y दाबलं, त्यामुळे विंडोजचा पिन नव्याने ठरवावा लागला. मग एक्सएमपी पुन्हा चालू केलं आणि कुलूप परत लावलं:

```
manage-bde -protectors -enable C:
```

रात्री नऊला भाचा ओरडला, "मामा, व्हॅलोरंट उघडत नाहीये!" पडद्यावर VAN9003. अपडेटने Secure Boot बंद केलं होतं आणि विंडोज 11 वर हा गेम त्याशिवाय चालत नाही. फोटो बघून ते पुन्हा चालू केलं, दोन मिनिटांत सुटला.

शेवटची बेंचमार्क चाचणी: सरासरी 67, 1% लो 56. हे आकडे, तारीख, खोलीचं तापमान आणि 850/1800 ही जोडी एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून सेलोटेपने चिकटवला. पुढच्या शनिवारी भाच्याचा फोन आला. आठवड्यात पीसी एकदाही थिजला नव्हता. आता त्याला Curve Optimizer करायचं होतं.